पोटरीची सूज, डी-डायमर आणि गोळ्यांची मुदत

श्रोतेहो, नमस्कार. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, तिला आम्ही डॉक्टर डीव्हीटी म्हणतो. हल्ली पेशंट माझ्याकडे येतात ते हातात डी-डायमरचा, म्हणजे गुठळीचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि चेहऱ्यावर धास्ती घेऊनच. आकड्यापुढे लाल बाण असतो, आणि पायाला मात्र अजून कुणी हात लावलेला नसतो. खरं तर आधी पाय बघायचा असतो.

तो बघायची एक पद्धत आहे. कॅनडाच्या डॉ. फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणांची यादी. दोन पेशंटवरून सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिले पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार. नडगीचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावर चारच दिवसांत पोटरी टरारून सुजली. गुडघ्याखाली नडगीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना टेप लावली. फरक निघाला 4 सेंटिमीटर. 3 किंवा त्याहून जास्त फरकाला एक गुण. नुकतंच प्लास्टर होतं, एक गुण. बोटाने दाबलं की त्याच पायावर खळगा पडतो, एक गुण. पोटरीत खोल शिरेच्या रेषेवर दुखतं, एक गुण. झाले चार. दोन किंवा जास्त गुण झाले की गुठळीची शक्यता भरपूर धरायची. अशा वेळी डी-डायमरवर निर्णय सोपवायचा नाही, थेट पायाची डॉपलर सोनोग्राफी करायची. डी-डायमर नॉर्मल आला तरी गुठळी नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि हाड मोडल्यानंतर तो वाढलेलाच असतो, त्यामुळे वाढला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. यांच्या सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी सापडली.

दुसऱ्या कॉलेज रोडच्या एक आजी, वय 66. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करताना पोटरीत कळ आली, ती जाईना. सूज नाही. दाबल्यावर दुखतं, म्हणून एक गुण. पण स्नायू लचकल्याचं कारण समोर दिसतंय, आणि गुठळीइतकंच संभाव्य दुसरं कारण असलं की दोन गुण वजा होतात. बेरीज उणे एक. डी-डायमरचा खरा उपयोग इथे आहे: शक्यता कमी असताना गुठळी नाही, याची खात्री करायला.

आजींचा आकडा आला 610. लॅबची मर्यादा 500, म्हणून लाल बाण. पण वयाबरोबर हा आकडा आपोआप चढतो. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरता येते, म्हणजे आजींसाठी 660. आकडा त्याच्या आत. सोनोग्राफीची गरज नाही, पाय शेका आणि चार दिवस जिने कमी चढा.

इथे एक खोच आहे, ती रिपोर्टच्या कडेला बारीक अक्षरांत असते. हा हिशेब एफईयू या एककातल्या नॅनोग्रॅमचा आहे. काही लॅब डीडीयूमध्ये आकडा देतात आणि तो साधारण निम्मा असतो. आजींचा 610 डीडीयूमधला असता, तर एफईयूमध्ये तो बाराशेच्या घरात गेला असता आणि सोनोग्राफी करावी लागली असती. म्हणून आकड्याबरोबर एकक वाचा, नाहीतर लॅबला फोन करा.

आता गोळ्या. बागायतदारांनी तिसऱ्याच आठवड्यात विचारलं, "डॉक्टरसाहेब, सूज उतरली, आता बंद करू का? छाटणी तोंडावर आली." मी नाही म्हटलं. रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, शरीर तिला सावकाश जिरवतं. त्यामुळे कमीत कमी तीन महिने. त्यांच्या गुठळीला कारण होतं आणि ते कारण संपलं, म्हणून तीन महिन्यांनी थांबलो. थांबताना पुन्हा सोनोग्राफी केली नाही. पुष्कळ जणांच्या शिरेत जुन्या गुठळीचा व्रण राहतोच, आणि तेवढ्यावरून वर्षानुवर्षं गोळ्या चालू ठेवणं मला पटत नाही.

प्लास्टर नाही, ऑपरेशन नाही, कॅन्सर नाही, तरी गुठळी झाली, तर मात्र हिशेब उलटा होतो. अशा शंभर जणांनी गोळ्या थांबवल्या, तर वर्षभरात साधारण दहा जणांना आणि पाच वर्षांत तीसएक जणांना गुठळी परत होते. म्हणून रक्तस्रावाचा धोका फार नसेल, तर गोळ्या पुढे चालू ठेवतो. सहा महिन्यांनंतर काही गोळ्यांचा डोस निम्मा करता येतो. दरवर्षी हिमोग्लोबिन आणि किडनी तपासून पुन्हा ठरवतो. कॅन्सर चालू असेल, तर निदान तोवर गोळ्या चालूच.

गोळ्या चालू असोत वा बंद, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर रिपोर्ट शोधत बसू नका. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. सरळ हॉस्पिटल गाठा.