बाबांच्या हातातलं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या घरातला एखादा माणूस फोनवर कसा बोलतो, ते जरा आठवून बघा. बोलता बोलता टेबलावरची धूळ बोटानं पुसतो, उशीचा अभ्रा सरळ करतो, मध्येच खिडकीपाशी जाऊन खाली डोकावतो. आता त्याच माणसाला म्हणा, 'तुम्हाला फोन आलाय असं समजा आणि बोला, मी शूटिंग करते.' लगेच दोन्ही हात मांडीवर जाऊन बसतात, मान ताठ होते आणि आवाज शाळेत कविता म्हणून दाखवतानाचा लागतो. माणूस तोच आहे. फक्त त्याचे हात रिकामे झाले आहेत. घरच्या माणसांना घेऊन लघुपट करायचा असेल, तर आधी या रिकाम्या हातांचं बघावं लागतं.

माझ्या बाबांची गोष्ट सांगते. लघुपट आठ मिनिटांचा होता. त्यातला मुख्य प्रसंग एवढाच, की एकटे राहणारे वडील मुलीच्या फोनची वाट बघतात, फोन येतो आणि मुलगी सांगते की या खेपेला यायला जमणार नाही. वडील म्हणजे माझे बाबा, मुलगी म्हणजे माझी ताई. बाबांनी जन्मात कधी अभिनय केला नव्हता. मी त्यांना आठवडाभर आधी संवाद लिहून दिले. ही माझी पहिली चूक. त्यांनी ते मन लावून पाठ केले, ताईचेसुद्धा. त्यामुळे ताई बोलत असताना ते ऐकतच नव्हते, आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते. ऐकणारा माणूस आणि पाळीची वाट बघणारा माणूस यांचे डोळे वेगळे दिसतात. ऐकणाऱ्याची नजर हलते, कुठेतरी भिरभिरते. वाट बघणाऱ्याची नजर एका जागी खिळलेली असते. कॅमेऱ्याला हे लगेच दिसतं.

त्या दिवशी आम्ही अकरा टेक घेतले. प्रत्येक टेकनंतर मी काहीतरी सुचवत होते. 'जरा दुःखी व्हा', 'इतके दुःखी नको', 'शेवटचं वाक्य असं म्हणा', आणि मग मीच ते वाक्य म्हणून दाखवत होते. बाबा माझी नक्कल करायला लागले. सातव्या टेकपासून तर माझ्याच आवाजातले चढउतार त्यांच्या तोंडून ऐकू येत होते. कलाकाराला वाक्य म्हणून दाखवू नये, घरच्या माणसाला तर कधीच दाखवू नये. तो प्रेमापोटी हुबेहूब तसंच म्हणेल, आणि मग ते वाक्य त्याचं राहणार नाही.

रात्री मी ते सगळं चित्रण बघितलं. चांगले क्षण दोनच सापडले आणि तेही टेक संपल्यावरचे होते. मी 'कट' म्हटल्यावर बाबा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत होते, कॅमेरा चुकून चालू राहिला होता. त्या चष्मा पुसण्यात मला हवा असलेला एकटा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, हातांना काम. घरात भिंतीवरचं एक घड्याळ बंद पडलेलं होतं. ते बाबांपुढे टेबलावर ठेवलं, बारीक पेचकस दिला आणि म्हटलं, 'बाबा, हे खरोखर उघडा. चालू झालं तर बरंच आहे.' काम खरं हवं, माणसाच्या सवयीचं हवं आणि त्याला शेवट हवा. फार अवघड काम दिलं तर माणूस बोलणं विसरतो. फार सोपं दिलं तर अर्ध्या मिनिटात संपतं आणि हात पुन्हा मांडीवर जातात. शिवाय ते आवाज न करणारं हवं. कागद, प्लॅस्टिकची पिशवी, भांडी यांचा आवाज नेमका शब्दांवर येतो आणि नंतर सहजासहजी वेगळा काढता येत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. आदल्या दिवशी तो चार फुटांवर होता. तो मी बारा फूट मागे नेला, पलीकडच्या खोलीच्या दारात ट्रायपॉडवर ठेवला आणि लांबची लेन्स लावली. मोबाइलवर चित्रण करत असाल तर दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी त्याची वेगळी लेन्स वापरा, फक्त ती वेगळी लेन्स खरंच आहे ना ते पाहून घ्या, नाहीतर चित्र ताणलं जाऊन मऊ पडतं. कॅमेरा मागे गेला की आवाज लांब जातो, म्हणून दुसरा एक मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर पुस्तकांच्या आड ठेवला. टाळी सुरुवातीला वाजवली नाही. चित्र आणि आवाज जुळवायला टाळी उपयोगी पडते, पण ती शेवटी वाजवली तरी चालते. सुरुवातीला वाजली की माणूस सावध होतो. 'ॲक्शन' हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलासुद्धा नाही. बाबा घड्याळ उघडायला लागले तेव्हा कॅमेरा आधीपासून चालू होता.

तिसरी गोष्ट, संवाद काढून घेतले. बाबांना एवढंच सांगितलं, 'ताईचा फोन येईल. ती कधी येणार हे तिच्याकडून काढून घ्यायचं, पण सरळ विचारायचं नाही.' ताईला बंद दाराआड दूरच्या खोलीत बसवलं आणि वेगळंच सांगितलं, 'आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी कर, मग घरातलं काहीतरी बोल. यायला जमणार नाही हे दोन मिनिटं होऊन गेल्यावर सांग, त्याआधी नको.' म्हणजे दोघांना प्रसंग माहीत होता, पण समोरचा कोणत्या शब्दांत काय बोलेल हे माहीत नव्हतं. आता ऐकण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

एक मात्र पाळा. ही नवलाई गोष्टीच्या आतलीच असावी. चेहऱ्यावर खरं दुःख यावं म्हणून घरच्या माणसाला खरी वाईट बातमी सांगणं, भलेही ती नंतर खोटी होती म्हणून सांगितलंत, हा विश्वासघात आहे.

फोन आला. बाबांनी तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, कारण दोन्ही हात घड्याळात गुंतलेले होते. हे मी सांगितलेलं नव्हतं. गुडघ्याचं बोलणं झालं. मग बाबा म्हणाले, 'तुझ्या खोलीतला दिवा बदलून घेतलाय.' बघा, ती कधी येणार हे त्यांनी असं विचारलं. मला दहा दिवस डोकं खाजवूनही असं वाक्य लिहिता आलं नसतं. थोड्या वेळानं ताईनं सांगितलं की जमणार नाही. त्याच क्षणी त्यांच्या बोटांतून स्क्रू निसटला आणि जमिनीवर पडला. बाबा खाली वाकले, चाचपडत राहिले आणि टेबलाखालून त्यांचा आवाज आला, 'असू दे गं. सवडीनं ये. घाई कशाला.' चेहरा दिसतच नव्हता. दिसत होती फक्त पाठ आणि जमिनीवरून फिरणारा हात.

मी दारात उभी होते आणि मला पुढे दिसेना, डोळे भरून आले होते.

आणि त्यानंतर मी पुन्हा चूक केली. म्हटलं, 'बाबा, स्क्रू शोधत बोललात ते फारच सुंदर झालं. आणखी एकदा करूया.' पुढच्या टेकमध्ये त्यांनी स्क्रू मुद्दाम पाडला. अगदी बरोबर त्या वाक्यावर, अगदी त्याच जागी. आणि ते सगळं खोटं वाटलं. म्हणून सांगते, आणि पुन्हा सांगते, नेमकं काय आवडलं ते माणसाला सांगू नका. 'छान चाललंय, पुढे करूया' एवढं पुरे. ज्या हालचालीचं कौतुक होतं, ती हालचाल पुढच्या वेळी माणूस करून दाखवतो. चित्रण लगेच दाखवू नये तेही यासाठीच. माणूस स्वतःला बघतो आणि मग हनुवटी सावरत बसतो.

या पद्धतीची किंमत संकलनात मोजावी लागते, ती लपवत नाही. हातात खरं काम असलं की दोन टेक एकमेकांना जुळत नाहीत. एकात घड्याळाचं झाकण उघडं, दुसऱ्यात बंद. पेचकस कधी उजव्या हातात, कधी टेबलावर. म्हणून प्रसंग झाल्यावर, उजेड तोच असताना, बाबांना आणखी दहा मिनिटं घड्याळ दुरुस्त करू दिलं आणि कॅमेरा जवळ नेऊन फक्त बोटं, घड्याळाचे काटे, टेबलावरचा बंद फोन यांचे शॉट घेतले. दोन टेकमध्ये जिथे उडी दिसत होती, तिथे मध्ये बोटं घातली. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा एक मिनिटाचा आवाज टिपला, तो जोडांखाली पसरवला. त्यावर पार्श्वसंगीत घातलं नाही. हल्ली म्हातारा माणूस पडद्यावर गप्प बसला रे बसला की खालून बासरी सुरू होते. मला तो त्या माणसाचा अपमान वाटतो. गप्प आहे तर गप्प ऐकू द्या ना!

कुणी विचारेल, पलीकडे बोलायला ताईसारखी मोकळी व्यक्ती नसेल तर? तर तुम्ही स्वतः बसा. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी यांनी १९९७ सालच्या आपल्या चित्रपटात, टेस्ट ऑफ चेरीत, मोटारीतली संभाषणं अशीच टिपली. चालक आणि प्रवासी बहुतेक वेळा एकत्र नव्हतेच, शेजारच्या सीटवर दिग्दर्शक स्वतः बसून बोलत होते. बघणाऱ्याला ते कळत नाही. घरच्या माणसाला तर तुमच्याशी बोलायची सवय आहेच. तुमचा आवाज नंतर काढून तिथे दुसरा घालता येतो. मात्र एक पथ्य पाळा, त्याच्या बोलण्यावर बोलू नका. एकमेकांत मिसळलेले दोन आवाज सहजासहजी सुटे करता येत नाहीत.

लघुपट पूर्ण झाल्यावर तो बाहेर कुणाला दाखवण्याआधी बाबांना एकट्यांना दाखवला. हे मी दरवेळी करते, आणि त्यांनी काही काढायला सांगितलं तर काढायचं हेही आधीच ठरवलेलं असतं. बाबांनी शांतपणे बघितलं. मग म्हणाले, स्क्रू सापडल्यावर मी खुर्चीला धरून उठतो ना, तेवढं काढ. मला सगळ्यांसमोर तसं उठायचं नाही.

माझ्या मते लघुपटातला तो सगळ्यात खरा क्षण होता. अकरा सेकंदांचा. मी तो त्यांच्या देखत काढून टाकला, आणि तिथे घड्याळाचे काटे घातले.