ओटीजी घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? आधी केकचा तळ बघा

(टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी, दारं उघडी.)

नमस्कार. दोन्ही यंत्रांच्या आत जरा नीट बघा. हा साधा ओटीजी. यात वर दोन रॉड आहेत आणि खाली दोन रॉड आहेत. हा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. याच्या खाली रॉड नाही, काचेची फिरणारी प्लेट आहे. भाजणारी उष्णता मागच्या भिंतीतून येते. त्या जाळीमागे एक हीटर आणि एक पंखा आहे. वर ग्रिल आहे, पण तो केकसाठी नाही.

किती लिटरचा आहे, किती मेनू आहेत, डिस्प्ले कसा आहे, हे सगळं नंतर बघू. पदार्थाच्या तळाला उष्णता कुठून मिळते हा यातला मूळ फरक आहे. बेकिंगमधल्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. म्हणून आज एकच साधा स्पंज केक घेऊ आणि तो दोन्हीकडे कसा होतो ते बघू. अन्न गरम करण्याकडे त्यानंतर वळू.

केक नेहमीचाच. मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी ११० ग्रॅम, दोन अंडी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे दूध. टिन गोल, १८ सेंटिमीटरचा, म्हणजे सात इंची.

आधी ओटीजी. वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू करायचे, नॉब १८० वर ठेवायचा. थोड्या वेळाने दिवा विझतो आणि ओव्हन तापला असं आपल्याला वाटतं. तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते, पत्रा अजून तापलेला नसतो. दार उघडून टिन आत ठेवला की हवा बाहेर जाते आणि ओव्हन पुन्हा थंडावतो. म्हणून दिवा एकदा विझू द्या, परत लागू द्या आणि दुसऱ्यांदा विझला की टिन ठेवा. याला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

टिन अशा जाळीवर ठेवा की केक फुगल्यावर त्याचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. लहान ओटीजीत ही जागा बहुतेक वेळा खालच्या जाळीवरच सापडते. टिन वर गेला की वरचा रॉड अगदी जवळ येतो. मग पंधराव्या मिनिटाला केक वरून गडद होतो आणि आत पातळच राहतो. तसं होताना दिसलं, तर केक थोडा सेट होईपर्यंत थांबा आणि वर फॉइलचा सैलसर तुकडा ठेवा. तो रॉडला लागता कामा नये. तुमच्या ओटीजीत फक्त खालचा रॉड चालू ठेवायची सोय असेल, तर फॉइलऐवजी ती वापरा. सगळ्यात चांगला उपाय तोच.

आता नॉबबद्दल. साध्या ओटीजीतला थर्मोस्टॅट रॉड पूर्ण चालू करतो किंवा पूर्ण बंद करतो, मधलं काही नसतं. त्यामुळे तापमान सतत वर-खाली होत राहतं. नॉबवरचा १८० आकडाही प्रत्येक ओव्हनमध्ये खरा असेलच असं नाही. जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ओटीजी घेणाऱ्याने केकच्या टिनच्याही आधी तो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नॉब १८० वर आणि थर्मामीटर २०० दाखवतोय असं एकदा दिसलं, की रेसिपी बदलायच्या भानगडीत न पडता नॉब थोडा मागे घ्यायचा.

साध्या ओटीजीत पंखा नसल्याने एका कोपऱ्यात, बहुधा मागच्या बाजूला, जास्त भाजतं. दोन तृतीयांश वेळ झाला की टिन अर्धा फिरवून ठेवा. त्याआधी दार उघडू नका, कारण आतला भाग तोवर स्वतःला पेलण्याइतका घट्ट झालेला नसतो आणि केक बसतो.

पंचवीस ते तीस मिनिटांत केक होतो. कडा टिनपासून सुटतात, मध्यावर बोट टेकवलं तर केक परत वर येतो, काडी कोरडी निघते. उलटा करून तळ बघा. (तळ कॅमेऱ्याजवळ.) सगळीकडे सारखा सोनेरी. हे खालच्या रॉडचं काम.

आता तेच मिश्रण आणि तोच टिन कन्व्हेक्शनमध्ये. इथे तापमान १६० ठेवायचं. पंखा गरम हवा केकवर सतत फेकत असतो, त्यामुळे त्याच तापमानाला पदार्थ लवकर भाजतो. रेसिपी पंख्याशिवायच्या ओव्हनसाठी लिहिलेली असेल, तर साधारण २० अंश कमी करा. १८० वरच ठेवलं, तर वरचा पापुद्रा लवकर घट्ट होतो, आतलं मिश्रण नंतर फुगतं आणि वाट काढायला मधोमध भेग पाडतं. केक मध्ये डोंगरासारखा वर येऊन फुटला, तर बेकिंग पावडरला दोष देण्याआधी तापमान बघा.

टिन काचेच्या प्लेटवर थेट ठेवू नका. काच हळू तापते आणि टिनखालून हवा जायला वाट राहत नाही. यंत्रासोबत लोखंडी तारेचा बुटका स्टँड येतो. प्रीहीट करताना तो आतच ठेवा आणि टिन त्यावर ठेवा. एवढं करूनही तळ फिका राहू शकतो. वरून सुंदर रंग आणि टिनमधून काढल्यावर तळ पांढरट, किंचित ओलसर, असं झालं तर टिन बदलून बघा. इथे गडद रंगाचा, पातळ धातूचा टिन चांगला काम करतो. सिलिकॉनचा टिन टाळा, त्यातून उष्णता फार हळू जाते. ओटीजीत बरोबर उलटं आहे. लाल झालेल्या रॉडची उष्णता गडद टिन जास्त शोषतो आणि तळ करपतो, म्हणून तिथे फिक्या ॲल्युमिनियमचा टिन बरा. एकाच टिनमध्ये दोन घरी दोन वेगळे केक होतात, ते यामुळे.

धातूच्या टिनवरून अनेक जण घाबरतात. फक्त कन्व्हेक्शन मोड चालू असेल, तर धातू चालतो. मायक्रोवेव्ह मोडमध्ये नाही. कॉम्बी मोडमध्ये मायक्रोवेव्हही चालू असतात, त्यामुळे तिथे धातूचा टिन ठेवला तर ठिणग्या पडू शकतात. बटण दाबल्यावर स्क्रीनवर कोणता मोड दिसतोय ते दर वेळी वाचायची सवय लावा.

म्हणजे साधा केक दोन्हीकडे चांगला होतो. फक्त केक आणि कपकेक करणाऱ्याला कन्व्हेक्शन पुरतो.

खरी वेगळी गोष्ट ब्रेडची. पावाला सुरुवातीलाच खालून जोरदार उष्णता हवी असते, तापमान २२० च्या आसपास किंवा वर. ओटीजीचा नॉब बहुतेक वेळा २५० पर्यंत जातो. अनेक कन्व्हेक्शन यंत्रं २०० किंवा २२० लाच थांबतात. तेवढ्यावर पाव भाजला जातो, पण कवच जाड आणि फिकं राहतं. तळावर बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर झाला, दबका आला तर आत ओल आहे. दर आठवड्याला ब्रेड करायचा असेल, तर माझं उत्तर ओटीजी. इथे मी मधला मार्ग सुचवणार नाही.

(ओटीजीचं दार बंद. भाताचा डबा पुढे.)

आता अन्न गरम करणं. फ्रिजमधला भात घ्या. मायक्रोवेव्ह अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि ती उष्णता अन्नाच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये थेट तयार होते. आधी हवा तापवावी लागत नाही. एक वाटी भातावर चमचाभर पाणी शिंपडा, सैल झाकण ठेवा. दोन मिनिटं, मध्ये एकदा हलवून, मग मिनिटभर तसाच ठेवा. हलवणं महत्त्वाचं, कारण कडेचा भात तापतो आणि मधला थंड राहतो. उरलेलं अन्न मध्यापर्यंत वाफाळलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर ७५ अंश बघा.

तोच भात ओटीजीत गरम करायचा तर प्रीहीट धरून अर्धा तास गेला, आणि झाकलेला नसेल तर कडा टणक. आमटीसारखे पातळ पदार्थ ओटीजीत गरम करण्यात काही अर्थ नाही, गॅस त्याहून लवकर करतो.

पण पाव, पिझ्झा, पफ, कुरकुरीत काहीही असलं की पारडं फिरतं. मायक्रोवेव्हमध्ये आतल्या पाण्याची वाफ होऊन ती कवचात शिरते, कवच मऊ पडतं आणि निवलं की चिवट होतं. ओटीजीत १८० वर पाच-सहा मिनिटांत ते परत कुरकुरीत होतं. कन्व्हेक्शन यंत्र असेल तर अर्धा मिनिट मायक्रोवेव्ह आणि मग बुटक्या स्टँडवर काही मिनिटं कन्व्हेक्शन असं करता येतं. जमतं, पण प्रीहीटची वाट बघावी लागते म्हणून रोज कोणी करत नाही.

कन्व्हेक्शनचा एक त्रास दुकानात कळत नाही. रोज अन्न गरम करताना भिंतींवर तेलाचे शिंतोडे उडतात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये ते फक्त घाण दिसतात. कन्व्हेक्शन लावलं की ते जळतात आणि केकला कालच्या रश्श्याचा वास लागतो. झाकण ठेवून गरम करा आणि बेकिंगच्या आधी आतून ओल्या कपड्याने पुसून घ्या.

मग घ्यायचं काय? घरात साधा मायक्रोवेव्ह आधीच असेल, तर तो मोडीत काढून कन्व्हेक्शन घेऊ नका. शेजारी ओटीजी ठेवा, दोन्ही कामं नीट होतील. दोन्ही नसेल, ओट्यावर जागा एकाचीच असेल आणि रोज तीनदा अन्न गरम होत असेल, तर कन्व्हेक्शन. केक अधूनमधून होईल आणि चांगला होईल. गरम करणं गॅसवर भागत असेल आणि ओढ बेकिंगची असेल, तर ओटीजी.

दुकानात जाताना तुमचा सगळ्यात मोठा टिन सोबत न्या. कन्व्हेक्शनमध्ये तो स्टँडवर ठेवून प्लेट हाताने पूर्ण फिरवून बघा. चौकोनी टिनचे कोपरे भिंतीला अडतात, आणि लिटरचा आकडा हे सांगत नाही. ओटीजीत वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येतो का, आणि टिन ठेवल्यावर वरच्या रॉडपर्यंत किमान चार बोटं जागा उरते का, ते बघा.

घरी आणल्यावर ओटीजी भिंतीपासून लांब ठेवा, त्याचा पत्रा बाहेरूनही चांगलाच तापतो. पहिल्यांदा तो रिकामाच २०० च्या पुढे पंधरा-वीस मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. रॉडवरचा कारखान्यातला थर जळतो, थोडा धूर आणि वास येतो, ते नेहमीचं आहे. कन्व्हेक्शन मोडही पहिल्यांदा असाच रिकामा चालवा, मायक्रोवेव्ह मोड मात्र कधीच रिकामा चालवू नका. यंत्र निवलं, आतून पुसून झालं, की पहिला केक लावा.