पत्र, चार ओळी की व्हिडिओ?

(तालुक्याच्या अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्या वर्षी दारव्ह्याकडचा एक पोरगा माझ्याकडे आला. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला. कापूस उत्पादकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेला फील्ड कोऑर्डिनेटर पाहिजे होता. जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, ‘बायोडाटासोबत पत्र, थोडक्यात ईमेल किंवा व्हिडिओ, जे सोयीचं वाटेल ते पाठवा.’ पोरानं चार मिनिटांचा व्हिडिओ बनवून टाकला होता. म्हणाला, “सर, मले वाटलं व्हिडिओ टाकला का मेहनत दिसते.”

मी बरीच वर्षं अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे. तिथं मेहनतीचे मार्क नसतात. बायोडाटा खाली ठेवल्यावर वाचणाऱ्याच्या मनात एखादा प्रश्न उरतो, आणि सोबत काय पाठवायचं ते त्या प्रश्नावर ठरवायचं. प्रश्नच उरत नसेल, म्हणजे शिक्षण जुळतं, अनुभव जुळतो, तर ईमेलमध्ये ऐंशी-शंभर शब्द पुष्कळ झाले. उलट तुम्ही शिक्षक होता आणि आता बँकेत अर्ज करताय, तर ‘हा इकडे कसा वळला’ हे सांगायला जागा लागते. तिथं पानभर पत्रच लिहावं. पत्राचा आणखी एक फायदा आहे. समितीतला दुसरा माणूस ते छापून घेतो, खालचा परिच्छेद आधी वाचतो, ओळीखाली रेघ मारतो. व्हिडिओ मात्र पहिल्यापासून बघावा लागतो, आणि पन्नास अर्ज समोर असले की चार मिनिटं कोणी देत नाही.

आता या पोराचं बघू. बायोडाटा वाचून दोन प्रश्न उरत होते. पहिला, पदवीनंतर दोन वर्षं मोकळी का? वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून घरची सहा एकर त्यानंच वाहिली. हे सांगायला दोन ओळी लागतात, पत्र नाही लागत. लांबवलं की रडगाणं वाटतं. दुसरा प्रश्न मोठा होता: हा पारावर बसलेल्या वीस शेतकऱ्यांपुढे बोलू शकेल का? कागदावर ‘संवादकौशल्य उत्तम’ असं सगळेच लिहितात. याचं उत्तर कॅमेऱ्यापुढेच मिळतं. म्हणजे व्हिडिओ हा पर्याय चुकला नव्हता, आत जे भरलं होतं ते चुकलं होतं. पोरगा भिंतीपुढे ताठ उभा राहून पुस्तकी मराठीत बायोडाटाच वाचत होता. डोळे सारखे उजवीकडे, कागदाकडे. मागे मोटारपंपाची घरघर.

आम्ही ते सगळं टाकून दिलं. सकाळी सातला वावरात गेलो, ऊन चढायच्या आणि वारा सुटायच्या आधी. मोबाइल आडवा धरून त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवला. लांब ठेवला की आवाज मरतो, आणि चित्र अंधूक चालतं पण आवाज अंधूक चालत नाही. मी म्हटलं, मी शेतकरी आहे, मले बोंडअळीचं सांग. तो कामगंध सापळ्याजवळ उभा राहून वऱ्हाडीतच बोलला: सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग दिसले तर फवारणीचा विचार करा, पण आधी वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहा, दोनात अळी दिसली तर समजा वेळ आली. मग त्यानं एक बोंड तिथंच फोडून दाखवलं. पंचावन्न सेकंदं झाली. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलून होतात, त्याहून जास्त कोंबले की माणूस पळत सुटल्यासारखा वाटतो.

वऱ्हाडीची त्याला लाज वाटत होती. हेच काम मुंबईच्या कार्यालयातलं असतं तर मीही दहादा विचार केला असता, कारण व्हिडिओत चेहरा, बोली, घर सगळं दिसतं आणि बघणारा नकळत त्यावरूनही मत बनवतो. पत्रात ते झाकलेलं राहतं. इथं मात्र बोली हीच पात्रता होती.

पाठवतानाही गंमत झाली. जीमेलला २५ एमबीच्या वरची फाइल जोडली की ती ड्राइव्हची लिंक होते. लिंक ‘Restricted’ राहिली तर समोरच्याला परवानगी मागावी लागते, आणि तो मागत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो. पहिल्या व्हिडिओचं तसंच झालेलं. या वेळी ‘Anyone with the link’ केलं आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहिलं. ईमेलमध्ये पाच ओळी: कोणतं पद, दोन वर्षं कुठं गेली, व्हिडिओत काय आहे आणि तो किती सेकंदांचा. व्हिडिओ कोणी उघडलाच नाही तरी या पाच ओळींवर अर्ज उभा राहायला हवा होता.

मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न आला, “त्या बोंडात अळी निघाली होती का हो?”

निघाली होती.