सव्वातीन वाजता तबकडीवर काय दिसतं?

मंडळी, जाहिरातीतलं काट्यांचं घड्याळ आठवा. बहुतेकदा दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. दोन्ही काटे वर आणि खालची तबकडी मोकळी. स्मार्टवॉचची तबकडी आखताना आपणही नमुना म्हणून हीच वेळ समोर ठेवतो, आणि तिथेच फसतो.

मी बाबांसाठी एक तबकडी केली. काळी पार्श्वभूमी, तीनच्या जागी पावलांचं कॉम्प्लिकेशन, सहाच्या जागी निळ्या रंगात तारीख. (घड्याळजी मंडळी वेळेखेरीजच्या प्रत्येक सोयीला कॉम्प्लिकेशन म्हणतात, शब्द तिथूनच आला.) रात्री टेबलावर ती फार सुरेख दिसली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला, "अरे, सव्वातीनला पावलं दिसेनात, आणि तारीख तर उन्हात अजिबातच वाचता येत नाही."

सव्वातीनला दोन्ही काटे तीनकडेच असतात. तास काटा जाड, आकड्यावरच आडवा. पडदा 450 बाय 450 चा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 225. कॉम्प्लिकेशनचं वर्तुळ मध्यापासून 98 वर सुरू होत होतं, म्हणून तास काटा 95 वरच थांबवला. मिनिट काटा आतून पोकळ केला. तो तासातून एकदा आकड्यावरून जाणारच, पण आता खालचा आकडा वाचता येतो.

निळ्याचं कारण सोपं आहे. शुद्ध निळा, `#0000FF`, डोळ्याला मुळातच मंद. काळ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम 2.4 भरतं, आणि साध्या मजकुराला 4.5 तरी लागतं. फिकट निळा, `#8AB4F8`, घेतला तर ते 10 च्या आसपास जातं. बाबांना आवडलेला निळा निळाच राहिला.

आता माझा लाडका मुद्दा, मराठी तारखेचा. वेअर ओएसच्या `SHORT_TEXT` या छोट्या मजकुराच्या कॉम्प्लिकेशनमध्ये मजकूर सात चिन्हांत बसवायचा असतो, आणि संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो. "मंगळ 14" बरोबर सात. "गुरु 14" सुद्धा सात. सगळा आठवडा नीट गेला, आणि शुक्रवारी तारखेचा शेवटचा आकडा गायब! "शुक्र" मध्ये श, उकार, क, हलन्त, र अशी पाच चिन्हं, मग जागा आणि दोन आकडे, एकूण आठ. तारीख पुरवणारं छोटं ॲप माझंच होतं, म्हणून वार शीर्षकात नेला आणि मजकुरात नुसता आकडा ठेवला. वर थोडी जागाही सोडली, नाहीतर "मंगळ"चा अनुस्वार कापला जातो.

चिठ्ठी आली आहे, दोनच मिनिटं उरलीत. हात खाली गेल्यावरची मंद तबकडी वेगळी आखा. वेअर ओएसमध्ये त्या वेळी 15 टक्क्यांहून जास्त पिक्सेल उजळू द्यायचे नाहीत. भरीव काटे काढून नुसत्या कडा ठेवा, पावलं लपवा, आणि सेकंद काटा नको, कारण तिथे पडदा साधारण मिनिटाला एकदाच बदलतो. आणि नमुन्याची वेळ सव्वातीन, साडेसहा, पावणेदहा अशी बदलून बघा, वार शुक्रवार ठेवून.