लेट कोलिजन कुठे दिसते, त्यावरून दोष ओळखावा
(ठाण्यात नेटवर्क देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज मी एकाच दोषाविषयी बोलणार आहे. रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात जुना स्विच बदलून नवा बसवला, आणि त्या दिवसापासून एका जुन्या सीएनसी मशीनवर प्रोग्रामच्या फाइल्स उतरेनाशा झाल्या. पोर्टचा दिवा हिरवा होता आणि पिंगलाही व्यवस्थित उत्तर येत होते, पण काही सेकंदांत जायला हवी अशी फाइल अर्धा तास रेंगाळून मध्येच तुटत होती. मी पोहोचण्यापूर्वी केबल दोनदा बदलून झाली होती.

स्विचवर पाहिले तेव्हा त्या पोर्टपुढे `a-half` आणि `a-100` असे लिहिलेले होते, म्हणजे वेग १०० मेगाबिट आणि डुप्लेक्स हाफ, दोन्ही स्विचने स्वतः ठरवलेले. मशीनच्या कंट्रोलरवर मात्र कोणीतरी पूर्वी १०० फुल कायम केलेले होते. जुन्या स्विचवरही तेच कायम केलेले असल्यामुळे इतकी वर्षे काही बिघडले नव्हते. नवा स्विच मूळच्या ऑटो स्थितीत बसवला गेला आणि जोडी फुटली.

ऑटो असलेला स्विच फुल सोडून हाफवर का गेला, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ऑटोनिगोशिएशनमध्ये दोन्ही टोके विशिष्ट स्पंदांतून आपापल्या क्षमता एकमेकांना कळवतात. मशीनवर वेग आणि डुप्लेक्स कायम केल्यामुळे ते अशी स्पंदे पाठवतच नव्हते. समोरच्या संकेताच्या स्वरूपावरून स्विचला १०० मेगाबिट हा वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो, आणि अशा वेळी हाफ धरावे असा मानकाचाच नियम आहे. स्विचने नियम पाळला होता. एक बाजू ऑटो ठेवून दुसरीवर फुल कायम करणे, ही चूक होती.

आता तारेवर काय घडते ते पाहू. मशीन फुलमध्ये असल्याने मनाला येईल तेव्हा पाठवते. हाफमधला स्विच मात्र स्वतः पाठवत असताना समोरून काही आले की त्याला टक्कर मानतो. टक्कर फ्रेमच्या पहिल्या ६४ बाइट्सच्या आत झाली तर ती साधी टक्कर, आणि स्विच थोडे थांबून तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. त्यानंतर झाली तर ती लेट कोलिजन. बहुतेक उपकरणे तेव्हा फ्रेम टाकून देतात आणि ती पुन्हा पाठवण्याचा भार वरच्या टीसीपीवर पडतो. १०० मेगाबिटवर ६४ बाइट्सना ५.१२ मायक्रोसेकंद लागतात, तर १५१८ बाइट्सच्या पूर्ण फ्रेमला सुमारे १२१. फाइल उतरत असताना मशीनकडून येणारी पोचपावती या १२१ मायक्रोसेकंदांत कुठेही येऊन पडू शकते, म्हणून अशा टकरी बहुतांशी लेटच ठरतात. पिंगमध्ये आधी प्रश्न जातो आणि मग उत्तर येते, दोन्ही एका वेळी तारेवर नसतात, म्हणून पिंग स्वच्छ दिसतो.

निदानासाठी दोन्ही टोकांची मोजणी शेजारीशेजारी ठेवा. हाफ बाजूला, म्हणजे इथे स्विचवर, लेट कोलिजन वाढत होते, आणि फुल बाजूला, मशीनच्या निदान पानावर, सीआरसी त्रुटी वाढत होत्या, कारण स्विचने अर्धवट सोडलेल्या फ्रेम्स तिथे पोहोचत होत्या. एकाच वेळी दोन टोकांवर अशी दोन वेगळी लक्षणे असली, तर केबलला हात लावण्याआधी डुप्लेक्स तपासावे. दोन्ही टोके खरोखर हाफ असतील आणि तरीही लेट कोलिजन येत असेल, तेव्हा मात्र १०० मीटरपेक्षा लांब ओढलेल्या केबलचा विचार करावा.

मशीनवर ऑटो चालत असेल, तर दोन्ही बाजू ऑटो करणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. या कंट्रोलरला तो पर्यायच नव्हता, म्हणून स्विचवरच्या त्या एका पोर्टला बांधावे लागले:

```
interface FastEthernet0/7
 speed 100
 duplex full
```

त्यानंतर मोजणी शून्य करून तीच फाइल पुन्हा उतरवली. काही सेकंदांत ती पूर्ण गेली आणि दोन्हीकडचे आकडे शून्यावरच राहिले. अशा पोर्टवर ‘१०० फुल कायम’ अशी चिठ्ठी लावलीच पाहिजे, कारण उद्या मशीनचा कंट्रोलर बदलून तिथे ऑटो उपकरण आले, तर हाच दोष उलट्या दिशेने परत येईल. काही स्विचवर वेग असा बांधला की केबलचा सरळ-उलट प्रकार आपोआप जुळवण्याची सोयही बंद पडते. दुवा अचानक गेला तर आधी तिकडे पाहावे.

फक्त हाफ चालणाऱ्या जुन्या हबसमोर मात्र स्विच ऑटोच ठेवा. तिथे त्याने हाफ धरणे बरोबरच असते, आणि फुल कायम केले तर आपणच नवी विजोड जोडी तयार करतो.