राजीनाम्याचं पत्र

मित्रहो, नऊ वर्षं मी एका द्वैमासिकाच्या संपादक मंडळावर होतो आणि एका धोरणावरून बाहेर पडलो. मासिकाचं नाव मी घेणार नाही. तिथली माणसं आजही मेहनतीनं अंक काढतात. बोलायचं आहे ते राजीनाम्याच्या पत्राबद्दल, कारण ते लिहिताना मी बरंच शिकलो.

निर्णय असा होता. जाहिरातदारांकडून पैसे घेऊन लिहिलेले लेख आम्ही आधी वेगळ्या चौकटीत, वर 'प्रायोजित' असं लिहून छापत असू. एका बैठकीत ठरलं की पुढच्या वर्षापासून चौकट नाही आणि तो शब्दही नाही. हे लेख बाकीच्या लेखांमध्येच जातील. कारण उघड होतं: कागद महागला होता आणि वर्गणीदार कमी होत होते. प्रायोजक या अटीवर जास्त पैसे द्यायला तयार होते. ही अडचण खरी होती, हे मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करतो.

मग राजीनामा का? संपादक मंडळावरच्या माणसाला पगार नसतो. त्याच्याकडून मासिकाला मिळतं ते त्याचं नाव, आणि त्या नावाचा वाचकाला कळणारा अर्थ एवढाच की या पानांवरचा मजकूर गुणवत्तेवर निवडला आहे. मुखपृष्ठ, अंकाची किंमत, लेखांची लांबी, अगदी मला न आवडणारा विशेषांक, यांवर मी अनेकदा मतदानात हरलो होतो आणि तरीही राहिलो. त्या निर्णयांनी माझ्या नावाचा अर्थ बदलत नव्हता. या निर्णयानं तो बदलत होता. मतभेद कितपत मोठा आहे हे मी यावरून मोजतो.

त्याच रात्री मी पत्र लिहिलं. साडेतीन पानं झाली. त्यात नऊ वर्षांतल्या सगळ्या कुरबुरी आल्या, अगदी परत गेलेल्या एका चांगल्या कवितेपर्यंत. एक वाक्य असं होतं की व्यवस्थापनाला आता वाचकापेक्षा पैसा प्यारा झाला आहे. दोन दिवसांनी ते वाचलं आणि त्याच वाक्यापाशी थांबलो. व्यवस्थापनाच्या मनात काय आहे हे मला कुठे माहीत होतं? मला माहीत होता तो बैठकीत झालेला ठराव. हेतूवर बोट ठेवलं की समोरच्याला हेतूचाच बचाव करावा लागतो, आणि चौकट काढणं योग्य की अयोग्य हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. शिवाय चार तक्रारी लिहिल्या, तर उत्तर सर्वांत दुबळ्या तक्रारीला मिळतं.

मग मी बैठकीचं इतिवृत्त मागवून घेतलं. निर्णय स्मरणावर विसंबून लिहायचा नाही, नोंदल्याप्रमाणे लिहायचा. त्याआधी एक पायरी होती आणि ती चुकवायची नव्हती: फेरविचाराची लेखी विनंती. मी सुचवलं की चौकट काढा हवी तर, पण लेखाच्या शेवटी एका ओळीत प्रायोजकाचं नाव द्या. तीन आठवड्यांनी नकार आला. त्यानंतर संपादकांना आधी फोन केला. ज्यांच्याबरोबर नऊ वर्षं मुद्रितं वाचली, त्यांना ही बातमी पत्रातून कळावी हे मला बरं वाटलं नाही. फोनवर मी वाद घातला नाही. उद्या पत्र येईल आणि त्यात काय असेल, एवढंच सांगितलं.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार. संपादक मंडळाच्या गेल्या बैठकीतील ठरावानुसार पुढील वर्षापासून प्रायोजित लेख कोणतीही खूण न करता इतर लेखांबरोबर छापले जाणार आहेत. या निर्णयाशी मी सहमत नाही. माझे मत मी बैठकीत आणि नंतर लेखी मांडले आहे. कोणता लेख पैसे घेऊन छापला आहे हे वाचकाला कळले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून मी मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. तो या वर्षाचा शेवटचा अंक प्रसिद्ध झाल्यावर अमलात यावा. माझ्याकडे छाननीसाठी असलेल्या चार लेखांची यादी सोबत आहे. त्यांचे काम मी त्यापूर्वी पूर्ण करीन. त्यानंतरच्या अंकांत माझे नाव छापू नये, ही विनंती. आपल्या सर्वांबरोबर काम करताना मला खूप शिकायला मिळाले, त्याबद्दल आभारी आहे."

यात तारखेचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रागाच्या भरात आपण 'तत्काळ' असं लिहितो. पण त्या चार लेखांपैकी दोन नव्या लेखकांचे होते आणि महिनाभर माझ्या टेबलावर होते. मी तत्काळ उठलो असतो तर त्याची किंमत त्यांनी मोजली असती, आणि धोरणाशी त्यांचा काहीच संबंध नव्हता.

याचं मोठं उदाहरण गणितातल्या 'टोपॉलॉजी' या नियतकालिकाचं आहे. त्याच्या संपादक मंडळातले सगळे, म्हणजे नऊच्या नऊ सदस्य, प्रकाशकाच्या किंमतविषयक धोरणाच्या निषेधार्थ बाहेर पडले. त्यांच्या पत्रावर तारीख आहे 10 ऑगस्ट 2006 आणि राजीनामा लागू झाला 31 डिसेंबरपासून. मधे साडेचार महिने होते. त्याच क्षेत्रात 2008 साली 'जर्नल ऑफ टोपॉलॉजी' हे नवं नियतकालिक सुरू झालं. 2015 साली भाषाविज्ञानातल्या 'लिंग्वा'चे सहा संपादक आणि मंडळाचे एकतीस सदस्य असेच बाहेर पडले आणि त्यांनी 'ग्लॉसा' काढलं. सामूहिक पत्रात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. प्रत्येकाचा राग वेगळा असतो, म्हणून सही करणाऱ्या प्रत्येकाला जेवढं मान्य आहे तेवढंच कागदावर यावं. एकानं दुसऱ्याच्या वतीनं जास्तीचं वाक्य घातलं, की पहिल्याच प्रश्नाला सह्या मागे घ्यायची वेळ येते.

मी एकटा होतो. दोन सहकारी म्हणाले, "आम्हीही देतो." मी त्यांना माझं पत्र दाखवलं, पण 'द्या' म्हणालो नाही. एकानं दिला. दुसऱ्यानं राहून आतून प्रयत्न करायचं ठरवलं. तोही रास्त निर्णय होता, आणि आमची मैत्री टिकली.

पत्र गेल्यानंतरचा काळ अवघड असतो. लोक फोन करतात, आत काय झालं ते विचारतात. मी एकच उत्तर ठरवून ठेवलं होतं: चौकट काढण्याचा निर्णय मला पटला नाही. हा निर्णय नव्या अंकात वाचकांना दिसणारच होता. बैठकीत कोण काय बोललं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते तिथे विश्वासानं बोलले होते.

जानेवारीच्या अंकात माझं नाव श्रेयनामावलीत तसंच छापून आलं. जुना साचा वापरला गेला असणार. मी दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी अशी विनंती केली. मार्चच्या अंकात ती आली. त्याच अंकात त्या दोन नव्या लेखकांपैकी एकीचा लेख होता, तिसऱ्या पानापासून, मी सुचवलेल्या शीर्षकासह.