रात्रीचं जेवण जातं कुठं?

(फोंड्यातील वाचनालयाच्या सभागृहात एका आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मागच्या वेळी प्रश्नांच्या डब्यात एक चिठ्ठी आली होती, ती मी जपून ठेवली. वाचते. "मी कॉलेजात शिकतो/शिकते. रात्रीचं जेवण सोडून वजन कमी करणं शहाणपणाचं आहे का?" नाव नाही. आजचा सगळा वेळ या एका चिठ्ठीला द्यायचा असं मी ठरवून आले आहे, कारण 'हो' किंवा 'नाही' म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आधी एक वही दाखवते.

सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, पणजीत होस्टेलला राहून शिकतो. त्याच्या परवानगीनं सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही. उंची 168 सेंटीमीटर, वजन 78 किलो. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो आकडा आहे, बीएमआय, तो त्याचा साडेसत्तावीसच्या वर. आपल्याकडे 23 च्या पुढं जास्त धरतात, म्हणजे वजन उतरवायचं त्याचं ठरवणं चुकीचं नव्हतं. त्यानं मेसचं रात्रीचं जेवण बंद केलं आणि रोज सकाळी वजन वहीत लिहायला घेतलं. आठव्या दिवशी काटा 76.6. पोरगा हरखला. पुढचे दहा-बारा दिवस काटा तिथंच. मग चवथीला घरी गेला, दोन दिवस पातोळ्या, खतखतं, नेवऱ्या, सगळं मनसोक्त खाल्लं, आणि परत आल्यावर काटा 77.8. माझ्यासमोर वही ठेवून म्हणाला, "मॅडम, तीन आठवडे उपाशी झोपलो, आणि दोन दिवसांत सगळं परत."

मी त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ते परत आलेलं वजन चरबी नव्हतं, आणि आधी गेलेलंही बरंचसं चरबी नव्हतं. आपण भात-पोळी खातो त्यातली थोडी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात हा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं कमी झालं की साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जातं. जेवणातलं मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं, पोटातल्या अन्नाचा भारही घटतो. काटा खाली येतो. पुन्हा पोटभर जेवलात की साठा भरतो आणि पाणी परत येतं. म्हणून पहिल्या आठवड्याच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं याच आठवड्यात फसलेली असतात: आधी उगाच खूश होतात, नंतर उगाच खचतात.

पण मधले ते दहा-बारा दिवस? पाणी जायचं ते गेलं होतं, मग चरबी का उतरेना? मी त्याला म्हटलं, वजन राहू दे, आता सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिही.

लिहून आणलं. दुपारी दीडला कॅन्टीनमध्ये भाजी-पाव. रात्री जेवायचं नाही हे मनात असल्यामुळं संध्याकाळी साडेपाचला चहाबरोबर दोन बन्स, आठवड्यातून चार दिवस. हे बन्स आधी नव्हते. आणि तीन रात्री, पावणेअकराच्या सुमाराला, मित्रांबरोबर गाड्यावर रस-आमलेट. तो गाडा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. दोन अंड्यांचं आमलेट तेलात फुलवायचं, वर शागोतीचा नारळाचा दाट रस, कापलेला कांदा, लिंबू, आणि दोन पाव. नऊ तास पोट रिकामं असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तो वास सोडवत नाही. यात मी त्याला दोष देत नाही. भुकेचं कामच ते आहे.

आता हिशेब. आकडे ठोकळमानाचे आहेत. मेसचं जेवण, म्हणजे भात, माशाची कडी, एक तळलेला तुकडा आणि भाजी, धरा 600 कॅलरी. सात रात्री सोडलं, वाचले 4200. दोन बन्सचे 400, चार दिवसांचे झाले 1600. रस-आमलेट पावासकट 650, तीन रात्रींचे 1950. वजा करा. उरले 650. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. म्हणजे आठवडाभर जेवण सोडून त्यानं शंभर ग्रॅमसुद्धा चरबी घालवली नाही, आणि तेवढा फरक काट्यावर दिसतही नाही. आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणतात, त्यातलं गणित हेच आहे. जेवण सुटत नाही, ते सरकतं. ताटातून उठून गाड्यावर जातं.

आणि सरकताना ते बदलतं, हे मला जास्त खुपतं. मेसच्या ताटात बांगडा होता. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि या मुलाच्या दिवसातलं ते सर्वांत मोठं प्रथिनांचं जेवण होतं. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. गाड्यावरच्या तीन रात्री निदान अंडी तरी होती. बाकीच्या चार रात्री बन्सवर गेल्या.

एक सांगायचं राहिलं. आमची आजी दिवेलागणीनंतर लगेच पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन मोकळी व्हायची. आज तिच्याच घरात साडेनवाला ताट मांडतात. तेवढाच भात सकाळपेक्षा रात्री खाल्ला तर रक्तातली साखर जास्त चढते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे लवकर जेवण्यात अर्थ आहे. पण लवकर जेवणं वेगळं आणि न जेवणं वेगळं.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग मूळ उत्तर भरभर सांगते. जेवण सोडण्यात स्वतःची काही जादू आहे का? चीनमधल्या ग्वांगझौत 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, 2022 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरींचं खाणं ठरवून दिलं. एका गटानं ते सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायचं, म्हणजे रात्रीचं जेवण नाहीच. त्यांचं वजन सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्यांचं 6.3. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतपतच होता. म्हणजे काम केलं ते कमी खाण्यानं. ज्याला रात्री न जेवता खरोखर भूक लागत नाही आणि दिवसभराचं खाणं वाढत नाही, त्याचं वजन उतरेल. होस्टेलच्या मुलांत असा मला क्वचितच भेटतो.

त्या मुलाला मी मेसमध्ये आठच्या आत जेवायला लावलं. भात निम्मा, मासा आणि भाजी पूर्ण, साडेपाचला बन्सऐवजी उकडलेले चणे. गाडा शनिवारी, एकदाच. वजन रोज नाही, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. तीन महिन्यांत चार किलो उतरलं आणि पुढच्या सणाला परत आलं नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण चुकवू नये, झोपेत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अठराच्या आतल्यांनी आणि गरोदर बायकांनीही नाही.

आणि ही चिठ्ठी जर एखाद्या मुलीनं लिहिली असेल, तिचं वजन मुळात जास्त नसेल, तीन महिने पाळी आली नसेल, किंवा जेवले की अपराधी वाटतं असं होत असेल, तर आज मी शेवटपर्यंत थांबणार आहे. मागच्या दाराजवळ ये. सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.